आखूड मॅटला लांबलचक पत्र

सोलापुरात मापाची थट्टा चालत नाही. इथली चादर 'साठ बाय नव्वद' अशीच मागतात, म्हणजे साठ इंच रुंद आणि नव्वद इंच लांब. गिऱ्हाइकाने जरा भुवई उंचावली की दुकानदार घडी उलगडून समोरच टेप लावतो. अशा गावात बसून मी ऑनलाइन मागवलेली योगा मॅट तब्बल दहा सेंटिमीटर आखूड निघाली! घरात आल्यागेल्या प्रत्येकाने त्यावर एक तरी विनोद केला. मी मात्र विनोद न करता पत्र लिहिलं. त्या पत्राबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण आपण सगळेच काही ना काही मागवतो, आणि माप चुकलं की नेमकं काय लिहायचं हे कुणी शिकवत नाही.

आधी हा हट्ट का, ते ऐका. माझी उंची पाच फूट आठ इंच. सोलापुरात या उंचीच्या मुलीला 'वर हवा कशी आहे गं?' हे रोज ऐकावं लागतं, त्याचं काही नाही. पण लॅपटॉपवर मान मोडून काम केल्यामुळे कंबर धरली आणि फिजिओथेरपिस्टने रोज अर्धा तास जमिनीवर पाठीवर पडून करायचे व्यायाम दिले. त्यात पाय सरळ ताणायचे, टाचा घासत गुडघे मुडपायचे, पुन्हा सरळ करायचे. बाजारात साधारण मिळणारी मॅट ६८ इंचांची असते, म्हणजे १७३ सेंटिमीटरच्या आसपास. तीच माझी उंची. कागदावर छान जमतं! पण माणूस आडवा होऊन पायाचे पंजे ताणतो तेव्हा डोक्यापासून बोटांपर्यंतची लांबी उंचीपेक्षा सहज दहाएक सेंटिमीटरने वाढते. मग एकतर टाचा फरशीवर घासतात, नाहीतर डोकं फरशीवर टेकतं. डोकं खाली गेलं की मान मागे पडते, आणि कंबरेसाठी सुरू केलेला उपाय मानेवर बेततो. म्हणून फिजिओने स्पष्ट सांगितलं होतं, ७२ इंची घे. ७२ इंच म्हणजे १८३ सेंटिमीटर.

मी तेच शोधलं, तेच सापडलं. पानावर लिहिलं होतं : ईव्हीए फोम, लांबी १८३ सेंमी, रुंदी ६१ सेंमी, जाडी ६ मिमी. खाली बारीक अक्षरात 'मापात २ सेंमीपर्यंत फरक असू शकतो.' किंमत ७४९ रुपये. दहा दिवसांत परत करण्याची सोय. चौथ्या दिवशी पार्सल दारात.

मॅट अंथरली, तिच्यावर पडले, पाय ताणले आणि टाचा गार फरशीवर!

अशा वेळी पहिला मोह होतो तो तावातावाने लिहिण्याचा. माझ्या पुण्यातल्या मैत्रिणीने याच प्रकारच्या मॅटबद्दल तसंच लिहिलं होतं. 'तुम्ही लोक फ्रॉड आहात, मॅट फारच छोटी आहे, मी सगळीकडे सांगेन' वगैरे. तिला दोन तासांत उत्तर आलं : 'आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे.' आणि तक्रार बंद. ते उत्तर वाईट होतं खरं, पण ती तक्रार वाचणाऱ्याच्या जागी बसून पाहा. कस्टमर केअरच्या माणसासमोर दिवसाला शेकडो निरोप येतात आणि प्रत्येकाला कुठल्या तरी कप्प्यात टाकायचं असतं. 'फारच छोटी' हे मत झालं, आणि मत 'अभिप्राय' या कप्प्यात जातं. 'पानावर १८३, हातात १७२.७' ही मात्र तफावत आहे. ती 'वर्णनाशी न जुळणारी वस्तू' या कप्प्यात जाते, आणि पैसे परत करायचं बटण त्याच कप्प्यात असतं.

म्हणून आधी माप. आणि मापायची कला सोलापूरकराशिवाय कोण शिकवणार? आमच्या शेजारचे काका चादरीच्या कारखान्यात वर्षानुवर्षं घडी खात्यात होते. मी संध्याकाळी मॅटची दोन टोकं पायाखाली दाबून टेप ओढत होते, ते दारातूनच ओरडले, "अगं पोरी, ताणून मोजलं तर सगळंच पुरतंय की! सैल सोड तिला. उद्या मोज." कापडाचा नियमच तो आहे. माप घेताना कापड ताणमुक्त हवं, आणि टोकाला न घेता तीन ठिकाणी घ्यायचं, कारण कडेला ओढ वेगळी आणि मध्ये वेगळी असते. फोमलाही हेच लागू आहे, उलट जास्तच. गुंडाळून आलेल्या मॅटचं आतलं टोक वळलेलं असतं. त्या संध्याकाळी मध्यावरचं माप १७१ आलं. रात्रभर सपाट पसरून ठेवली, टोकांवर दोन-दोन पुस्तकं ठेवली, आणि दुसऱ्या दिवशी पुस्तकं काढून मोजली तर १७२.८. म्हणजे पावणेदोन सेंटिमीटर नुसत्या वळणात अडकले होते. पहिल्याच संध्याकाळचा आकडा पत्रात गेला असता तर समोरच्याला 'मॅट नीट उलगडली नव्हती' म्हणायला जागा मिळाली असती.

एक गोष्ट मात्र अजिबात करायची नाही. मॅट सरळ व्हावी म्हणून गच्चीवर उन्हात टाकायची नाही. ईव्हीए फोम उष्णतेने आक्रसतो. आपल्याकडच्या एप्रिलच्या गच्चीवर दुपारभर पडलेली मॅट खरंच लहान होऊ शकते आणि मग भांडणच संपलं.

टेप स्टीलचा घ्या. शिंपीकाम करणाऱ्यांचा कापडी टेप वापरून वापरून सैलावतो आणि मॅट आहे त्यापेक्षा आखूड दाखवतो. तुमच्या बाजूने खोटं पडणारं माप असलं तरी ते खोटंच, आणि समोरच्याने पकडलं की बाकीचंही संशयित होतं. स्टीलच्या टेपच्या टोकाची आकडी थोडी हलते, तो बिघाड नसतो. आकडी स्वतःच्या जाडीएवढी मागेपुढे सरकते, म्हणजे वस्तूला अडकवून ओढली काय किंवा भिंतीला टेकवून दाबली काय, माप तेच यावं. पण मऊ फोमच्या काठाला ती अडकवली की आत रुतते. म्हणून मी मॅटची एक कड भिंतीला टेकवली, टेपचं टोकही भिंतीला दाबलं आणि दुसऱ्या टोकाला आकडा वाचला. डाव्या कडेला १७२.६, मध्ये १७२.८, उजव्या कडेला १७२.७. रुंदी तिन्ही ठिकाणी ६१.

आता या आकड्यांकडे जरा डोळे बारीक करून बघा. तक्रारीचा जीव इथेच आहे.

६८ इंच म्हणजे १७२.७२ सेंटिमीटर. माझी मॅट सरासरी १७२.७. म्हणजे ही कापताना चुकलेली ७२ इंची मॅट नव्हतीच! ही अगदी नीट, सरळ, काटेकोर कापलेली ६८ इंची मॅट होती. कापताना ब्लेड सरकलं असतं तर कडा तिरकी झाली असती आणि तीन मापांत चांगला फरक आला असता. फोम आक्रसला असता तर रुंदीही कमी झाली असती. हिशेब सोपा आहे. १८३ची १७२.७ होताना जेवढं प्रमाण कमी झालं, तेवढंच ६१ला लावलं तर रुंदी साडेसत्तावन्नच्या आसपास यायला हवी होती. फोम दोन्ही दिशांना अगदी सारखा आक्रसतो असं नाही, थोडं इकडेतिकडे होतं. पण लांबीत दहा सेंटिमीटर आणि रुंदीत शून्य, हे आक्रसण्याचं लक्षण नव्हे.

याचा अर्थ गोदामात दोन मापांच्या मॅट होत्या आणि मला दुसरी आली, किंवा त्याहून वाईट, गोदामात एकच माप होतं आणि पानावर दुसरं लिहिलं होतं. हा फरक का महत्त्वाचा? कारण मागणी त्यावर ठरते. चुकून दुसरी आली असेल तर बदलून मागावी. पण मुळात स्टॉकच ६८ इंची असेल तर बदलून येणारी मॅटही तेवढीच, आणि तोवर परतीचे दहा दिवस संपलेले! माझ्या मैत्रिणीचं पुढे नेमकं हेच झालं. तिने पुन्हा लिहून मॅट बदलून घेतली आणि तिच्याकडे दुसऱ्यांदा तेवढीच आखूड मॅट आली.

उत्तर मला प्लास्टिकच्या वेष्टनावर सापडलं. आपण पार्सल उघडतो आणि पिशवी चुरगाळून फेकतो ना, त्याच पिशवीवर एक पांढरं स्टिकर असतं. पॅकबंद मालाबद्दलचे २०११चे वैधमापन नियम आहेत. त्यानुसार उत्पादक, पॅकर किंवा आयातदाराचं नाव-पत्ता, कमाल किंमत, ग्राहक तक्रारीचा संपर्क हे सगळं पाकिटावर असावं लागतं, आणि ज्या वस्तूत आकार महत्त्वाचा आहे तिचं आकारमानही. माझ्या स्टिकरवर छापलं होतं : १७३ × ६१ सेंमी. पानावर १८३, पाकिटावर १७३! २०१८च्या जानेवारीपासून ऑनलाइन विकणाऱ्यांना यातली बहुतेक माहिती वेबसाइटवरही दाखवणं बंधनकारक आहे. तेव्हा दोन ठिकाणचे दोन आकडे ही नुसती माझी तक्रार राहत नाही. ती त्यांची स्वतःचीच विसंगती होते. मैत्रिणीने पिशवी फेकून दिली होती.

फोटोंचंही एक तंत्र आहे. २०१३च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियातल्या एका मुलाने 'सबवे'च्या फूटलाँग सँडविचशेजारी टेप ठेवून फोटो काढला. बारा इंचांच्या नावाचं सँडविच अकरा इंचांचं दिसत होतं. तो फोटो जगभर फिरला, अमेरिकेत खटले झाले, तडजोड झाली. २०१७मध्ये तिथल्या अपील न्यायालयाने ती तडजोडच रद्द केली, कारण तिच्यात वकिलांची फी होती आणि ग्राहकांच्या पदरात काही पडत नव्हतं. कंपनीची बाजू अशी होती की कणकेचा गोळा ठरल्या वजनाचा असतो, भाजताना आकार बदलतो, पोटात जातं तेवढंच. सँडविचपुरतं हे पटण्यासारखंही आहे. मॅटला मात्र ते लागू होत नाही. मॅट मी वजनावर घेत नाही, तिच्यावर झोपते. पण त्या मुलाच्या फोटोतून एक शिकावं : टेप आणि वस्तू एकाच चौकटीत, कुणालाही न समजावता कळेल अशी.

सहा फुटांच्या मॅटला हे जमत नाही. पूर्ण मॅट चौकटीत घेतली तर टेपचे आकडे मुंगीएवढे दिसतात, आणि तिरकं उभं राहून काढला तर लांबीच बदलून दिसते. मी हॉलमधल्या फरशीचा उपयोग केला. आमच्याकडे दोन बाय दोन फुटी व्हिट्रिफाइड टाइल्स आहेत, म्हणजे साधारण ६० सेंमीची एक. तीन टाइल्स म्हणजे १८०. मॅटची कड एका सांध्यावर लावली की १८३ची मॅट तिसऱ्या टाइलचा सांधा ओलांडून दोन-तीन सेंटिमीटर पुढे जायला हवी. माझी सांध्याच्या सात सेंटिमीटर आधीच संपली. खुर्चीवर उभं राहून वरून काढलेल्या एका फोटोत हे लांबूनही दिसतं. मग तीन जवळचे फोटो : भिंतीकडचं शून्य, दुसऱ्या टोकाचा आकडा अगदी डोक्यावरून, आणि स्टिकर. शिवाय उत्पादनाच्या पानाचा स्क्रीनशॉट, तारखेसह. पानं एका रात्रीत बदलतात. ऑर्डरच्या पावतीवर बहुतेक वेळा नुसतं नाव असतं, माप नसतं. म्हणून स्क्रीनशॉट पत्र पाठवायच्या आधी घ्यायचा, नंतर नाही.

पत्र मी मराठीत लिहिलं आणि खाली तेच इंग्रजीत दिलं. स्टिकरवर पॅकरचा पत्ता ठाणे जिल्ह्यातला होता, मग मराठीत का नको? ते असं :

'विषय : ऑर्डर क्रमांक (…), योगा मॅट. जाहीर लांबी १८३ सेंमी, प्रत्यक्ष १७२.७ सेंमी. पैसे परत मिळण्याबाबत.

महोदय/महोदया,

वरील ऑर्डरची मॅट मला मंगळवारी मिळाली. आपल्या पानावर तिची लांबी १८३ सेंमी दिली आहे आणि २ सेंमीपर्यंत फरक मान्य केला आहे (स्क्रीनशॉट १). मॅट चोवीस तास घरात सपाट पसरून, न ताणता, स्टीलच्या टेपने मोजली. लांबी डावीकडे १७२.६, मध्ये १७२.८, उजवीकडे १७२.७ सेंमी आहे. रुंदी ६१ सेंमी आहे (फोटो १ ते ३). तूट सुमारे १०.३ सेंमी, म्हणजे आपणच मान्य केलेल्या फरकाच्या पाचपट आहे.

पाकिटावरील आपल्या लेबलवर १७३ × ६१ सेंमी असे छापले आहे (फोटो ४). म्हणजे ही मॅट लेबलप्रमाणे बरोबर आणि पानाप्रमाणे चुकीची आहे. मला १८३ सेंमीची मॅट वैद्यकीय सल्ल्याने व्यायामासाठी हवी आहे. १७३ सेंमीची मला उपयोगाची नाही.

आपल्याकडे १८३ सेंमीची मॅट असल्यास ती पाठवण्याआधी तिच्या लेबलचा फोटो मला पाठवावा. नसल्यास पूर्ण रक्कम परत करावी आणि ही मॅट आपल्या खर्चाने घरून न्यावी. मॅट, पिशवी आणि लेबल जपून ठेवले आहे. मॅट वापरलेली नाही.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० नुसार जाहिरातीतील वर्णनाशी न जुळणारी वस्तू परत घेण्यास किंवा तिचे पैसे देण्यास विक्रेता नकार देऊ शकत नाही. सात दिवसांत उत्तर मिळावे.'

बस्स, एवढंच. यात 'फसवणूक' हा शब्द नाही, उद्गारचिन्ह नाही. (या लेखात ती भरपूर आहेत, तेव्हा भरपाई झाली.) 'वापरलेली नाही' हे वाक्य महत्त्वाचं आहे आणि ते खरंच असलं पाहिजे. पाय ताणून पाहिले तेवढंच, घामाचा डाग नाही, चुरगळ नाही. त्या दिवसापासून मी व्यायाम घरातल्या सोलापुरी चादरीवर सुरू केले. नव्वद इंच लांब, उभी दुमडली की तीस इंच रुंद. फिजिओ म्हणाली, पाठीवर पडून करायच्या व्यायामांना चालेल, उभ्याने करायच्या आसनांना नको, पाय सटकेल.

उत्तर तिसऱ्या दिवशी आलं. 'ईव्हीए फोम हा नैसर्गिकपणे आकुंचन पावणारा पदार्थ असल्याने मापात फरक पडू शकतो.' लेबलबद्दल एक अक्षर नाही. मी चारच ओळी लिहिल्या : रुंदी ६१च आहे, मग मॅट एकाच दिशेने कशी आकुंचन पावली? आणि लेबलवर १७३ कुणी छापलं, तेही आकुंचनाने झालं का? (हो, इथे थोडा टोमणा मारला. माणूसच आहे मी.)

मग प्रस्ताव आला : मॅट ठेवून घ्या, वॉलेटमध्ये ५० रुपये जमा करतो. हा प्रस्ताव फार हुशार असतो. दहा सेंटिमीटरची तूट लांबीच्या साडेपाच टक्क्यांच्या आसपास, ७४९ रुपयांवर ती बेचाळीसएक रुपये होते. म्हणजे हिशेबाने त्यांनी आठ रुपये वरच दिले! पण हा हिशेब सँडविचचा झाला. माझ्या टाचांना शेवटचेच दहा सेंटिमीटर हवेत, आणि ५० रुपयांत ते कुठे मिळत नाहीत. शिवाय असा प्रस्ताव 'स्वीकारा' दाबून घेतला की बहुतेक ठिकाणी तक्रार 'ग्राहकाच्या समाधानाने बंद' होते. मी 'नको' लिहून कळवलं. नुसतं गप्प राहिले असते तरी ती बंद झालीच असती.

पुढचा डाव कुरियरचा. 'मॅट तुम्ही स्वतः पाठवा, मिळाल्यावर रक्कम परत करू.' मॅटचं वजन किलोभरही नाही, मग काय बिघडतं असं वाटेल. पण कुरियरवाले हलक्या आणि फुगीर पार्सलचं वजन आकारावरून धरतात : लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुतेक ठिकाणी ५०००ने भागायचं. ६१ लांब आणि तेरा-तेराची गुंडाळी म्हणजे दोन किलो. दोन किलोचे पैसे माझ्या खिशातून, आणि पार्सल वाटेत हरवलं तर पुन्हा माझीच जबाबदारी. नकार.

विक्रेत्याशी तीन फेऱ्या झाल्या की तिथेच थांबावं, असं माझं मत आहे. चौथी फेरी म्हणजे दहा दिवसांची मुदत गिळण्याचा कार्यक्रम. सहाव्या दिवशी मी तेच पत्र, खाली तिन्ही उत्तरं जोडून, ज्या प्लॅटफॉर्मवरून मागवलं त्याच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवलं. हे पद प्रत्येक ई-कॉमर्स कंपनीला ठेवावंच लागतं आणि त्याचं नाव, संपर्क वेबसाइटवर द्यावाच लागतो. साधारणपणे पानाच्या तळाशी, सर्वात फिकट रंगात सापडतो! नियमाने त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार सोडवायची असते. या पत्राला मी एकच परिच्छेद जोडला : 'उत्तर न मिळाल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर (१९१५) नोंद करून सोलापूर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे जाईन.'

ही पोकळ धमकी नव्हती, आणि ती पोकळ का नव्हती हे कळायला हवं. १९८६च्या जुन्या कायद्यात तक्रार मुख्यतः विक्रेता जिथे असेल किंवा प्रकरण जिथे घडलं असेल तिथे करावी लागायची. सातशे-साडेसातशे रुपयांसाठी ठाण्याच्या फेऱ्या कोण मारणार? २०१९चा नवा कायदा २०२०च्या जुलैपासून लागू झाला आणि ग्राहक जिथे राहतो किंवा काम करतो तिथेच तक्रार करता येऊ लागली. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं. अर्थात फुकट म्हणजे सोपं नव्हे. कागद करावे लागतात, तारखा पडतात, आणि एका मॅटसाठी मी ते खरोखर किती काळ रेटलं असतं कोण जाणे. पण समोरच्या कायदा विभागालाही हा हिशेब येतो. सोलापूरच्या तारखेला माणूस पाठवण्यापेक्षा ७४९ रुपये स्वस्त!

पोच दुसऱ्याच दिवशी आली. अकराव्या दिवशी पिकअपचा मुलगा आला. त्याने बारकोड पाहिला, मॅट काखेत मारली आणि जाता जाता विचारलं, "ताई, काय खराब हाय का?" म्हटलं, "खराब नाहीये, आखूड आहे." त्याने माझ्याकडे खालून वरपर्यंत पाहिलं आणि समजूतदारपणे मान डोलावली. जाण्याआधी पिकअपची पावती मागून घेतली, फोटोही काढला, कारण 'मॅट मिळालीच नाही' ही आणखी एक फेरी असू शकते. पैसे पंधराव्या दिवशी खात्यात आले.

त्या पानावर आठवडाभर १८३च दिसत होतं. मी स्टिकरचा फोटो पुन्हा एकदा तक्रार अधिकाऱ्याला पाठवला, या वेळी कसलीही मागणी न करता. आता तिथे दोन मापांचे दोन पर्याय आहेत, १७३ आणि १८३, आणि १८३ची किंमत ८९९ रुपये आहे. मैत्रिणीच्या दोन आखूड मॅट तिच्याकडेच आहेत. दुसरीची पिशवी या खेपेला तिने जपून ठेवलीये, स्टिकरसकट, आणि तक्रार अधिकाऱ्याचा पत्ता कालच माझ्याकडून घेतलाय.